विश्लेषण : नवरा पितो... त्याला वाचवताना बायकोने स्वतः बुडायचे का?

दारू पिणाऱ्याच्या बायकोला सल्ले कमी मिळत नाहीत. सासू म्हणते, ‘समजावून सांग’. आई म्हणते, ‘सोडून ये’. शेजारीण म्हणते, ‘मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लाव’. हे सगळे करून झाल्यावरही तो पितोच आणि दोष मात्र तिच्याच पदरात पडतो. माझ्या मते या सल्ल्यांत चूक एकच आहे. ते ‘त्याला काय बोलावे’ एवढेच सांगतात. तिच्या रोजच्या कोणत्या कामांमुळे पिणे सोपे होते आणि कोणत्या कामांमुळे न पिणे सुखाचे होते, हे कोणी सांगत नाही.

वेगळा मार्ग कोणता?

अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर्स यांनी व्यसनी माणसाच्या नातेवाइकांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत विकसित केली. तिथे १९९९ मध्ये १३० नातेवाइकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार नाकारणाऱ्यांपैकी किती जण नातेवाइकांच्या प्रयत्नाने उपचाराला तयार होतात, हे त्यात पाहिले होते. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. ‘अल-अनॉन’ या कुटुंबीयांच्या गटाकडे पाठवल्यावर ते १३ टक्के होते. अर्थात, त्या गटाचा हेतू कुटुंबीयांना आधार देण्याचा आहे, रुग्णाला आणण्याचा नव्हे. ‘क्राफ्ट’मध्ये प्रमाण ६४ टक्के होते. तिथे प्रशिक्षित समुपदेशक मदतीला होते आणि तरीही तिघांतला एक आलाच नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

सुरुवात कुठून?

वहीपासून. समजा, चाकणच्या कारखान्यात काम करणारा एक गृहस्थ आहे. बायको दोन आठवडे गुपचूप नोंद ठेवते : कोणत्या दिवशी प्यायले, सोबत कोण होते, त्याआधी काय घडले, दुसऱ्या दिवशी काय झाले. ‘रोजच पितात’ असे तिला वाटत होते. वहीत दिसते की चौदापैकी आठ दिवस प्यायले. त्यातले पाच दिवस दुसऱ्या पाळीनंतर एकाच मित्राबरोबर, दोन दिवस गावाकडच्या जमिनीवरून भावाशी फोनवर वाद झाल्यावर. रविवारी सकाळी मात्र एकदाही नाही. म्हणजे कुठे काही करता येईल, हे आता समोर आले.

परिणाम कोण झेलते?

वहीत आणखी एक गोष्ट दिसते. दोन्ही सोमवारी सुपरवायझरला फोन तिने केला : ‘यांना ताप आलाय’. उलटी तिने पुसली, मित्राची उधारी तिने भागवली. प्रेमापोटी केलेल्या या कामांमुळे दारूची किंमत त्याला कधी मोजावीच लागली नाही. आता ती तो शुद्धीत असताना, आवाज न चढवता सांगते, ‘यापुढे कामावर फोन तुम्हीच करा. खोटे सांगायला मला जड जाते.’ आणि पुढच्या सोमवारी खरोखरच फोन करत नाही. ही शिक्षा नाही. ज्याचे त्याच्याकडे परत देणे आहे. पण जीव धोक्यात येईल असा परिणाम होऊ द्यायचा नाही. तो रस्त्यात पडला असेल तर उचलायचेच. गाडी चालवायला निघाला तर किल्ली काढून ठेवायची.

जुगारात हीच जागा कर्जाची असते. दागिने मोडून एकदा कर्ज फेडले की पुढच्या डावाला उधार मिळायची वाट मोकळी होते. म्हणून स्वतःचा पगार वेगळ्या खात्यात ठेवावा, आपल्या फोनवरचा ओटीपी देऊ नये आणि जामीनदार म्हणून सही करू नये. घरखर्च वाचवणे आणि त्याचे देणे फेडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कटकट न करता बोलायचे कसे?

प्यायलेल्या माणसाशी वाद घालणे व्यर्थ असते. सकाळी त्याला अर्धे आठवत नाही आणि उरलेल्या अर्ध्याचा राग असतो. ‘माहेरी निघून जाईन’ ही धमकीही अमलात आली नाही, की दुसऱ्यांदा त्याला ती पोकळ वाटते. म्हणून बोलणे शुद्धीतले, थोडके आणि एकाच गोष्टीबद्दल असावे. ‘तुम्ही घराचे वाटोळे केले’ याऐवजी, ‘काल तुम्ही सरळ घरी आलात, पोरीचे गणित घेतलेत, मला फार बरे वाटले. गुरुवारीही लवकर याल का?’

न पिता आलेल्या संध्याकाळी त्याच्या आवडीचे जेवण, गप्पा, मुलांसह फेरफटका. पिऊन आलेल्या रात्री भांडण नाही आणि सरबराईही नाही : ‘आज तुम्ही घेतली आहे. मी मुलांबरोबर जेवते, उद्या बोलू.’ हे आधीच सांगून ठेवलेले असावे, म्हणजे तो रुसवा वाटत नाही. वहीतली मोकळी रविवारची सकाळ आधी भरावी. दुसऱ्या पाळीची रात्र त्यानंतर.

उपचाराचे कधी विचारावे?

तो स्वतःच ओशाळलेला असतो तेव्हा. कामावर समज मिळाल्यावर किंवा मुलगी घाबरल्याचे कळल्यावर. ही वेळ फार टिकत नाही. म्हणून केंद्राचा पत्ता आणि भेटीची वेळ आधीच हाताशी हवी. मागणी छोटी ठेवावी : ‘एकदा डॉक्टरांना भेटू. नाही पटले तर पुन्हा नका येऊ.’ नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडावा आणि पुढच्या संधीची वाट पाहावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत. फोन पत्नीनेही करावा.

कुठे थांबायचे?

रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एकदम दारू तोडायला लावू नये. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस नसलेले पाहू लागतो. हे जिवावर बेतू शकते, त्यामुळे दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तोडावी. ‘न सांगता जेवणात मिसळा’ अशा जाहिरातींतले औषध तर अजिबात देऊ नये. त्यात डायसल्फिरम असेल आणि त्यावर तो प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो.

आणि तो हात उगारत असेल तर वही, गोड बोलणे सगळे बाजूला. पिऊन आल्यावर त्याच्यापासून दूर होणेही तिथे मार खायचे कारण ठरते. कागदपत्रे, थोडे पैसे आणि जायचे ठिकाण ठरवून ठेवावे. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करावा.

तिचे काय?

पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो, तो याचसाठी. नवऱ्याने दारू सोडल्यावर तिने जगायला सुरुवात करायची, असा क्रम नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ मैत्रिणीकडे, रात्री तो येईपर्यंत खिडकीत न बसता झोप, सगळे खरे सांगता येईल असे एक माणूस. हे आजच सुरू करता येते. तिने हे सगळे केले तरी तो पिणे थांबवेलच असे नाही, कारण घोट त्याचा आहे. पण त्या सोमवारी फोन कोणी करायचा, हे तिच्या हातात आहे.