नाव नंतर, नोंद आधी

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या आमच्या शेजारणीच्या लेकीला दुसरीही मुलगी झाली. सासरचं कुणी फिरकलं नाही. दवाखान्यातल्या कारकुनाने विचारलं, "नाव काय?" ती म्हणाली, "अजून बारसं नाही झालं." "मग नाव ठरलं की या, तेव्हा ऑनलाइन भरू." नाव ठेवणार आत्या, आणि आत्या रुसलेली! मी गेले तेव्हा अठरावा दिवस होता.

मैत्रिणींनो, त्या कारकुनाचं म्हणणं साफ चूक होतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्यातलं कलम १४ नाव न ठेवलेल्या बाळासाठीच आहे. नोंदीच्या फॉर्मवरही लिहिलेलं असतं की नाव ठेवलं नसेल तर ती जागा रिकामी सोडा. दवाखान्यातल्या जन्माची माहिती कळवणं हे दवाखान्याचंच काम. घरी बाळंतपण झालं तर २१ दिवसांच्या आत dc.crsorgi.gov.in वर General Public मधून घरच्यांना भरता येतं. तारीख, जागा, मुलगा की मुलगी, आई-वडील अशी माहिती भरायची.

मी अडून बसले तेव्हा त्याने तडजोड काढली, "'बेबी ऑफ अमुक' टाकतो." तेही नको म्हटलं. रिकाम्या जागेत नाव भरणं सोपं असतं. पण तिथे काहीतरी छापलं गेलं की ते नाव ठरतं, आणि मग दुरुस्तीसाठी पुरावे जोडत बसा. अखेर विसाव्या दिवशी नोंद झाली, नावाचा रकाना कोरा ठेवून.

२१ दिवस उलटले की विलंब शुल्क, महिन्यानंतर लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागदपत्र, वर्षानंतर थेट दंडाधिकाऱ्याचा आदेश. नावाला मात्र सवड आहे. वर्षभरात कळवलं तर फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे कायदा थांबायला तयार आहे तो नावासाठी, नोंदीसाठी नाही. आपल्या घरांतून नेमकं उलटं चालतं. आणि मुलाचं नाव असं अडून राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आणखी एक. नोंद होते ती जन्म झाला त्या गावी. तेव्हा नावही माहेरच्याच निबंधकाकडे भरावं लागतं. सासरी परतण्याआधी दाखला हातात घ्या, नोंदणी क्रमांक स्वतःजवळ लिहून ठेवा. कलमात शब्द आहे पालक किंवा पालनकर्ता. आई पालकच आहे, आत्याची सही कुणी मागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेसाठी, पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

ती लेक दोन महिन्यांनी पुन्हा त्या कचेरीत गेली, एकटी. नाव तिने स्वतः ठरवलं होतं. सासरी अजून धुसफूस चालू आहे म्हणे.