हातचे शेअर आणि मार्जिनची घंटा

मानपुरचे एक वाचक विचारतात, शेअर जवळ असता कॉल विकला, तरी मार्जिन अपुरे का पडते? समजा, ५०० शेअर तारण आहेत. २० टक्के कपात धरता, भाव रुपयाने चढला की तारणमूल्य ४०० रुपयांनी वाढते. शेअर रुपयाने हलता कॉल किती हलतो, तो डेल्टा. तो ०.३० असता विकलेल्या कॉलचा बोजा १५० रुपयेच वाढतो. परंतु भावाबरोबर डेल्टाही चढतो आणि ०.८० ओलांडताच बोजा तारणापुढे धावतो. त्यातच निम्मे मार्जिन रोखीत लागते. म्हणून आम्ही दोन घंटा सुचवितो: डेल्टा ०.६० किंवा मार्जिन-वापर ७० टक्के होताच हिशेब पाहावा, ०.७५ किंवा ८५ टक्क्यांवर कॉल परत विकत घ्यावा अथवा रोकड भरावी.