दहा टक्के नव्हे, साडेअठरा

‘60 हजारांचा फ्रीज कार्डावर घेतला, त्याचे बारा हप्ते पाडले. वर्षभरात जादा गेले सहा हजार. म्हणजे व्याज पडले दहा टक्के. इतक्या स्वस्तात आज कोण पैसे देतो?’ चांगले शिकलेले, स्वतःचा पगार स्वतः सांभाळणारे लोकही हा युक्तिवाद करतात. दिसायला तो बिनतोड आहे. पण तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीवर दर सणासुदीला लाखोंची खरेदी उभी राहते, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

आधी ते सहा हजार कुठून आले ते पाहू. बँकेने दर सांगितला वार्षिक 15 टक्के, घटत्या शिलकीवर. त्या दराने 60 हजारांचा बारा महिन्यांचा हप्ता 5,416 रुपये बसतो आणि वर्षभराचे व्याज होते 4,986. खरेदी करताना मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तो एवढाच हिशेब. पहिले बिल मात्र 5,786 रुपयांचे येते. कारण हप्त्यातल्या 750 रुपये व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 135 रुपये, वेगळे लागतात. शिवाय प्रोसेसिंग फी. ती 199 रुपये धरली तर जीएसटीसकट 235 होतात. पुढच्या महिन्यांत फी नसते आणि व्याज घटते तसा जीएसटीही घटतो, पण वर्षाअखेर व्याजावरच्या जीएसटीचेच 897 रुपये गेलेले असतात. सगळे मिळून 6,118.

या जीएसटीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, त्याला कारण आहे. गृहकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. कायद्याने तशी सूट दिली आहे. क्रेडिट कार्डावरचे व्याज त्या सवलतीतून मुद्दाम वगळलेले आहे. म्हणून कार्डाचे 15 टक्के आणि वैयक्तिक कर्जाचे 15 टक्के हे एकच नव्हेत. कार्डाचे 15 खरे 17.7 असतात. दुकानात फायनान्स कंपनीचा माणूस आणि कार्डाचे मशीन शेजारीशेजारी असतात, तेव्हा दोघांचे नुसते दर जुळवून पाहणारा तिथेच फसतो.

आता दहा टक्क्यांकडे वळू. 6,118 ला 60 हजारांनी भागणे ही या हिशेबातली मोठी चूक. 60 हजार रुपये तुमच्याकडे वर्षभर राहिलेच नाहीत. पहिला हप्ता भरताच मुद्दल 55,335 वर आले, सहा महिन्यांनी ते 31 हजारांच्या आसपास होते आणि शेवटच्या महिन्यात पाच हजारांच्या थोडे वर. सरासरी काढली तर वर्षभर वापरायला मिळालेली रक्कम होते 33,240. त्या रकमेचे भाडे 6,118, म्हणजे सुमारे साडेअठरा टक्के. घरी करायला सोपी रीत अशी: बारा हप्त्यांच्या खरेदीत सगळा जादा खर्च मिळवा आणि त्याला किमतीच्या 55 टक्क्यांनी भागा. फरक निघालाच तर अगदी किरकोळ असेल.

मुदत कमी आणि रक्कम लहान असेल तर फी सगळा हिशेब बदलून टाकते. 10 हजारांची वस्तू तीन हप्त्यांत घेतली तर तेच 235 रुपये एकटेच वार्षिक 14 टक्क्यांच्या भाराचे होतात. त्यात व्याज आणि जीएसटीचे 17.7 मिळवले की दर 31 च्या पुढे जातो. ‘तीनच महिने आहेत, व्याज किती होणार’ या समजुतीने लोक मिक्सर, हेडफोन, हवाई तिकिटे हप्त्यांवर घेतात, आणि सर्वांत महाग कर्ज नेमके तिथेच असते.

यावर विरोधकांचे हुकमी उत्तर असते: ‘आम्ही नो कॉस्ट ईएमआय घेतो.’ रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. 2022 च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत तर स्पष्ट अट आहे: हप्ते पाडण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि त्यापोटी दिलेली सूट ग्राहकाला वेगवेगळी दाखवायची, बिलातही तसेच छापायचे, आणि व्याज असलेले हप्ते विनाव्याज म्हणून खपवायचे नाहीत. आपल्या फ्रीजवर हे असे दिसेल: 60 हजारांतून 4,603 रुपये सूट, 55,397 चे कर्ज, आणि तेवढेच 4,603 रुपये व्याज धरून 5,000 चे बारा हप्ते. सुटीने व्याज भागले, पण त्या व्याजावरचा जीएसटी 829 आणि फी 235 तुमच्याच बिलात आली. एकूण 1,064.

एवढ्यावर थांबले तर सौदा खरोखर चांगला आहे, हे मी मान्य करतो. प्रश्न येतो रोखीच्या किमतीचा. त्याच काउंटरवर ‘हप्ते नकोत, आत्ता सगळे देतो’ म्हटल्यावर दुकानदार 57 हजारांना फ्रीज द्यायला तयार असेल, तर तुमचा खर्च 1,064 नसून 4,064 आहे आणि दर 13 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून छापील किंमत हा हिशेबाचा पाया धरूच नये. पाया धरायचा तो आज एकरकमी दिल्यास लागणाऱ्या किमतीचा.

‘आमचे 60 हजार तोवर मुदत ठेवीत राहतात, सात टक्क्यांनी 4,200 मिळतात’ हा दावाही तसाच कच्चा आहे. दरमहा 5,000 रुपये हप्त्यांत गेले नसते तर तेही साठलेच असते. हप्त्यांमुळे तुमच्या हाती सरासरी 32,500 राहिले, त्यावर 2,275 मिळाले आणि तीस टक्क्यांच्या करगटात सेससकट कर जाऊन 1,565 उरले. 1,064 वजा करता फायदा पाचशेचा, तोही रोखीची सूट नसेल आणि एकही हप्ता चुकणार नसेल तरच. एका महिन्यात बिल पूर्ण भरले गेले नाही तर उरलेल्या रकमेवर व्याज लागतेच, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पाचशे रुपये तिथेच संपतात.

असे असूनही हप्ते पाडूच नयेत, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. फ्रीज बंद पडला आहे, घरात लहान मूल आहे, हाताशी बचत नाही, आणि कार्डावर खरेदी होऊन गेली आहे. अशा वेळी बिल थोडे थोडे भरत राहणे हाच दुसरा मार्ग असेल, तर कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, जीएसटीसकट 4.13. महिन्याला तेच 5,416 भरत गेलात तर 60 हजार फिटायला सुमारे पंधरा महिने लागतात आणि जादा जातात सुमारे 22 हजार. त्यासमोर 6,118 मध्ये सुटका करणारे हप्ते हा शहाणपणाचा निर्णय आहे. तो बिलाची शेवटची तारीख उलटण्यापूर्वी घ्यावा, आणि घेताना मान्यतेच्या पानावरचे व्याज, त्यावरचा जीएसटी, फी आणि मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे शुल्क हे चारही आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. शेवटचे शुल्क साधारण उरलेल्या मुद्दलाच्या तीन टक्के अधिक जीएसटी असते. चार महिन्यांनी बोनस हाती आला आणि 40,985 एकदम भरले, तर पुढचे 2,760 रुपये वाचतील आणि 1,451 रुपये शुल्कात जातील.