प्युरिफायर गळतो, कंपनी टोलवते

ठाण्याच्या एका गृहिणीने 14,500 रुपयांना नवा वॉटर प्युरिफायर घेतला. 3 फेब्रुवारीला खरेदी झाली आणि 5 तारखेला कंपनीच्याच माणसाने तो भिंतीवर बसवून दिला. तीन आठवड्यांत खालून पाणी ठिबकू लागले आणि ओट्याखालच्या कपाटाचे प्लायवूड फुगले. पहिल्या तक्रारीनंतर मेकॅनिक आला, एक जोड आवळला आणि पावती न देता गेला. दुसऱ्या वेळी कोणी आलेच नाही, उलट मोबाइलवर ‘काम पूर्ण’ असा निरोप आला. तिसऱ्या वेळी सांगण्यात आले की, इमारतीच्या पाण्याचा दाब जास्त आहे, हे वॉरंटीत बसत नाही, 1,800 रुपये भरा.

बाईंनी कंपनीला दोन पानी पत्र पाठवले. त्यात मनस्ताप होता, ‘तुमच्यावर विश्वास ठेवला हीच चूक’ असेही होते. मात्र तक्रारींच्या तारखा नव्हत्या, क्रमांक नव्हते आणि नेमके काय हवे तेही नव्हते. उत्तर अर्थातच आले नाही.

दाबाचे कारण मुळीच खोटे असते असे नाही. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका खालच्या मजल्यावर दाब अधिक. साधारण दर 10 मीटर उंचीला 1 किलो असा हिशेब धरतात. या बाई चौदा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात, म्हणजे त्यांच्या नळाला 3 किलोच्या वर दाब येतो. प्युरिफायरसाठी तो जास्त आहे का, हे माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेवरून कळते. जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागतो. कंपनीच्या माणसाने दाब न तपासताच मशीन बसवले असेल, तर दोष एकट्या ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. पण व्हॉल्व्ह लावायला सांगूनही ग्राहकाने नकार दिला असेल, तर त्याची बाजू लंगडी पडते.

म्हणून पत्र लिहिण्याआधी गळती कुठे आहे ते पाहावे. प्लग काढावा, येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करावा, मशीन बाहेरून कोरडे पुसावे आणि तासाभराने खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. कागद कोरडा राहिला, तर गळती बहुधा नळीच्या जोडात किंवा फिल्टरच्या भांड्यात असते, कारण तिथेच नळाचा दाब पोहोचतो. कॉक बंद असूनही कागद भिजत राहिला, तर साठवणीची टाकी किंवा तिची तोटी गळते. त्या टाकीवर नळाचा दाब नसतो. बाईंच्या घरी कागद भिजला आणि दाबाची सबब तिथेच संपली.

यानंतर पत्र असे लिहिता येते:

‘आपला प्युरिफायर (मॉडेल व मशीन क्रमांक, बिल क्रमांक) मी 3 फेब्रुवारीला 14,500 रुपयांना घेतला. 5 फेब्रुवारीला तो आपल्या माणसाने बसवला. वॉरंटी एक वर्षाची आहे. 26 फेब्रुवारी, 9 मार्च व 20 मार्च रोजी मी गळतीच्या तक्रारी नोंदवल्या (क्रमांक सोबत). 9 मार्चच्या तक्रारीवर कोणीही न येता ती पूर्ण झाल्याचे दाखवले गेले. येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद असतानाही साठवणीच्या टाकीतून पाणी गळते, फोटो सोबत आहे. त्यामुळे जास्त दाबाचे कारण लागू होत नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत दोष विनामूल्य दूर करावा किंवा मशीन बदलून द्यावे. तसे न झाल्यास किंमत परत करावी. कपाटाच्या दुरुस्तीचे 2,200 रुपयेही द्यावेत, सुताराचे अंदाजपत्रक जोडले आहे.’

पत्र कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची प्रत विक्रेत्याला द्यावी. सोबत बिलाची झेरॉक्स जोडावी, मूळ बिल हातचे सोडू नये. मेकॅनिकने काम केले नाही, तर त्याच्या कागदावर ‘समाधानकारक’ म्हणून सही करू नये. ‘गळती कायम’ असे लिहूनच सही करावी.

पंधरा दिवसांत दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मात्र हेल्पलाइन समेट घडवू पाहते, निकाल देत नाही. निकाल हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय दिल्लीला असले तरी चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तेव्हा मेकॅनिकच्या ‘उद्या येतो’वर वर्ष काढू नये.

आणि वॉरंटी संपायला आली म्हणूनही घाबरू नये. वॉरंटी चालू असताना नोंदवलेली तक्रार, दुरुस्ती रेंगाळली म्हणून बाद होत नाही. फक्त ती नोंदवल्याचा पुरावा हाताशी हवा.