नावातील एक अक्षर

कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचे दैवत ‘जोतिबा’ असेही लिहिले जाते आणि ‘ज्योतिबा’ असेही. त्या दैवताचे नाव धारण करणाऱ्या गृहस्थांचे मराठीत यामुळे काही अडत नाही. परदेशी निघताना मात्र अडू शकते. समजा, पासपोर्टवर JOTIBA आहे आणि मुलाने घाईघाईत तिकिटावर JYOTIBA असे टंकित केले. विमानतळावर दोन्ही नावे ताडून पाहतात आणि एका अक्षरासाठी प्रवासी अडवला जाऊ शकतो.

तिकीट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेले असेल आणि 24 तासांच्या आत चूक कळवली, तर भारतीय नियमानुसार त्याच व्यक्तीच्या नावाची दुरुस्ती विनाशुल्क होते. आरक्षण क्रमांकासोबत पासपोर्टची प्रत पाठवावी. एजंटाने काढलेले तिकीट बहुधा त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावे लागते.

मुदत टळल्यावर कंपनी शुल्क आकारू शकते. प्रवास दोन कंपन्यांच्या विमानांचा असेल, तर कधीकधी तिकीट रद्दच करावे लागते. मग रद्द करण्याचे शुल्क आणि नव्या तिकिटाचा वाढलेला दर, असा दुहेरी भुर्दंड पडतो. म्हणून तिकीट हाती येताच ते पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचावे.