बाजारातील पाल्याविषयी आंबिवलीकरांस जाहीर आवाहन

आंबिवली, मोहने व अटाळी येथील समस्त भाजीविक्रेते व नागरिक बंधुभगिनींस सविनय निवेदन, की कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातून पहाटे उचललेला जो माल येथे येतो, त्यातील कोबी-फ्लॉवरची वरची पाने, मुळ्याचा पाला आणि फुटके टोमॅटो येथेच गळून पडतात, आणि त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न 2021 साली आधारवाडीचा कचराडेपो बंद झाल्यापासून आपल्याही दाराशी आला आहे.

‘खत करा’ असे सांगणे सोपे आहे. परंतु हिशेब निराळे सांगतो. भाजीच्या कचऱ्यात शेकडा 90 भाग पाणी असते, आणि खताच्या ढिगाला साठाहून अधिक ओल सोसत नाही. म्हणजे एक टन पाला खतास लावावयाचा, तर जवळजवळ 600 किलो वाळला पाचोळा त्यात मिसळावा लागतो. 10 टनांच्या बाजाराने रोज 6 टन पाचोळा आणावा कोठून? तो न मिळाला, की ढीग बसतो, हवा कोंडते, काळे पाणी झिरपते आणि दुर्गंधी सुटते. म्हणून मोठ्या आवारास जैववायू संयंत्रच योग्य, कारण त्यास पाण्याचे भय नाही. हैदराबादेच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात 2021 साली रोजच्या सुमारे 10 टन कचऱ्यापासून 500 युनिट वीज आणि स्वयंपाकासाठी 30 किलो इंधन मिळत होते.

मात्र या संयंत्राचे पोट नाजूक आहे. फळे व टोमॅटो एकदम फार पडले, तर आम्ल झपाट्याने वाढते, वायू निर्माण करणारे जंतू मंदावतात, द्रवाला आंबूस वास येतो आणि शेगडीची ज्योत फिकी पडून अखेर पेटेनाशी होते. मग काही दिवस खाद्य तोडून शेणाची रबडी व चुना घालण्यावाचून गत्यंतर नसते. लिंबू-मोसंबीच्या सालींतील तेलही त्या जंतूंस मारक. आणि प्लास्टिकची पिशवी, सुतळी, रबरबँड यांनी तर पंपच अडतो. या वस्तू पाल्यात आपल्याच हातून जातात, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या गावचा ढीग लहान, म्हणून येथे खतच बरे. तरी विक्रेत्यांनी पाला पिशवीविना एका टोपलीत, फळांच्या साली दुसऱ्या टोपलीत ठेवाव्यात. ताजा, न कुजलेला व स्वच्छ धुतलेला पाला त्याच दिवशी गोठेवाल्यांस द्यावा. नागरिकांनी अंगणातला पाचोळा जाळू नये, कोरडा साठवून ठेवावा. 50 किलो पाल्यास 30 किलो पाचोळा पुरतो. मिश्रण मुठीत घट्ट दाबून पाहावे: बोटांतून पाण्याची धार लागली, तर आणखी पाचोळा घालून ढीग उलटावा. उरलेला पाला उल्हास वा काळूच्या पात्रात टाकू नये. घंटागाडीचे बंधू आले, की ओल्या कचऱ्याच्या भांड्यातच, पिशवी रिकामी करून, त्यांच्या स्वाधीन करावा.

आपला,
एक आंबिवलीकर