मरहूम कोण, हयात कोण?

स्वारगेटला आमच्या शेजारी राहणारे एक भाई परवा मोबाईलवर फोटो घेऊन आले. त्यांच्या अब्बांनी कुवेतमध्ये ज्या घरची गाडी चालवली, त्या घरच्या बाईंच्या इंतकालाची ती अरबी वर्तमानपत्रातली जाहिरात होती. "मास्तर, इंग्रजीत करून द्या. थोरल्या मुलाला ताजियतचं पत्र पाठवायचंय. अब्बा त्याला शाळेत सोडायचे."

पत्राची सुरुवात त्यांनी केलीही होती : 'करीमा मॅडम यांच्या निधनाचे...' इथेच पहिली चूक. जाहिरातीत होते 'करीमत अल-मरहूम अमुक, हरम अल-हाज तमुक'. इथे करीमा हे नाव नव्हे. मुलीसाठीचा तो आदराचा शब्द आहे. 'हरम' म्हणजे पत्नी. बाईंचे नाव कुठेच नव्हते. बाप आणि नवरा यांच्यावरूनच बाईची ओळख सांगण्याची ही जुनी रीत आहे. इजिप्तच्या वर्तमानपत्रांतली ही रीत मुशीरा ईद यांनी 2002च्या आपल्या पुस्तकात तपासली आहे. इंग्रजीत आपण नाव बनवायचे नाही. 'हाजी तमुक यांच्या पत्नी, द लेट अमुक यांच्या कन्या' एवढेच लिहायचे.

मग ठरीव वाक्ये. 'इन्तकलत इला रहमतिल्लाह' याचे शब्दशः इंग्रजी हास्यास्पद होते. तिथे 'पास्ड अवे' पुरे. 'अल-मग्फूर लहा बि-इज़्निल्लाह' ही मगफिरतीची दुआ आहे, निकाल नव्हे. म्हणून 'माफ झालेली' असे न लिहिता 'द लेट' लिहावे. वर सूरह फज्रच्या शेवटच्या आयती असतील, तर तर्जुम्याबरोबर सूरहचे नाव आणि आयतींचे क्रमांक, 27 ते 30, द्यावेत.

सगळ्यात जपायचे ते नातलगांच्या यादीत. अरबी जाहिरात मुले, भावंडे, जावई असे सगळ्यांना ओळीने मोजते, आणि जे आधीच गेले त्यांच्याच नावामागे 'अल-मरहूम' लावते. आमच्या फोटोत होते : 'अल-मरहूम अ, ब आणि क यांच्या वालिदा'. अरबीत प्रत्येक मरहूमाच्या नावामागे तो शब्द पुन्हा येतो, म्हणून इथे फक्त 'अ' गेलेला. इंग्रजीत मात्र 'द लेट अ, ब अँड क' लिहिले, तर तिघेही गेल्यासारखे वाचले जाते. उपाय सोपा आहे : हयात आधी लिहावेत, मरहूम शेवटी. 'मदर ऑफ ब अँड क, अँड ऑफ द लेट अ.'

'अ' म्हणजे तोच थोरला मुलगा. भाई बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अब्बांना कसं सांगू?"

पत्र 'ब'च्या नावाने गेले. त्यात ताजियत दोघांची होती, आईची आणि भावाची.